लॅक्टुलोज किती द्यायचं: संडासचा हिशोब आणि झोपेचा हिशोब

लिव्हर सिरोसिसचा पेशंट घरात असेल आणि एकदा तरी तो बडबडून, भ्रमिष्टासारखा होऊन अ‍ॅडमिट झाला असेल तर डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ हमखास असते, सिरप लॅक्टुलोज 30 मिली दिवसातून तीनदा, आणि पुढे बारीक अक्षरात "2-3 मऊ संडास होतील असा डोस ठेवा". खरी जबाबदारी त्या बारीक अक्षरातच आहे, कारण याचा अर्थ डोस रोज घरच्यांनी ठरवायचा. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटणार, संडास रोज होणार. आमच्याकडे सासरे आहेत, अण्णा, त्यांचं हे सगळं मी आणि नवरा मिळून बघतो, आणि नातेवाईकांत कुणाला ही बाटली लिहून दिली की फोन मलाच येतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी हे औषध करतं काय ते थोडक्यात. आतड्यात जे जंतू असतात ते अन्नातल्या प्रोटीनपासून अमोनिया बनवतात, आतड्याचं स्वतःचं अस्तरही थोडा बनवतं. चांगलं लिव्हर तो रक्तातून उचलून त्याचा युरिया करून टाकतं आणि तो लघवीवाटे जातो. सिरोसिसमध्ये एक तर लिव्हरची ताकद कमी झालेली असते, वर बरंचसं रक्त लिव्हरला वळसा घालून दुसऱ्या शिरांमधून जातं, मग हा अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस सुस्त होतो, विसरतो, उलटसुलट बोलतो. याला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. लॅक्टुलोज ही एक साखर आहे पण आपल्याला ती पचवताच येत नाही, ती तशीच मोठ्या आतड्यापर्यंत जाते, तिथले जंतू ती खातात आणि आम्ल तयार होतं. त्या आम्लामुळे अमोनियाचं रूप बदलतं, त्या बदललेल्या रूपात तो रक्तात परत शिरू शकत नाही, तिथेच अडकतो आणि संडासवाटे बाहेर जातो. म्हणून संडास मोजायचे. 1966 पासून, म्हणजे योहानेस बिर्शर या स्विस डॉक्टरने पहिल्यांदा या आजारात ते वापरलं तेव्हापासून, डोस ठरवायला हाच हिशोब चालत आलाय. रक्तातला अमोनिया रोज तपासून डोस ठरवत नाहीत, तो आकडा वरखाली होत राहतो आणि माणसाची अवस्था आणि आकडा नेहमी जुळतातच असं नाही.

एक गोष्ट इथेच सांगते, तोंडाने दिलेल्या डोसचा परिणाम पूर्ण दिसायला एक ते दोन दिवस लागू शकतात. त्यामुळे सकाळी डोस वाढवला आणि दुपारी "काही फरक नाही" म्हणून परत वाढवला, संध्याकाळी परत, असं करत गेलं की तिसऱ्या दिवशी सगळं एकदम सुरू होतं आणि माणूस दिवसभर बाथरूममध्ये.

आता मोजायचं काय. आमच्या घरात बाथरूमच्या दाराजवळ कालनिर्णय टांगलंय, दुधाचा हिशोब जसा लिहितात तसं तारखेच्या चौकोनात पेनाने रेघा ओढतो. पण नुसत्या रेघांनी फसायला होतं हे लवकरच लक्षात येतं. अण्णा पाच वेळा जाऊन बसतील आणि प्रत्येक वेळी चमचाभर होईल, ते पाच संडास धरायचे नाहीत, उलट पोट साफ झालेलं नाही, आत कडक मळ अडकलाय आणि बाजूने थोडं थोडं येतंय असंही असू शकतं. म्हणून रेघेबरोबर एक अक्षर, क म्हणजे कडक, म म्हणजे मऊ, पा म्हणजे पाणी. म च्या दोन किंवा तीन रेघा पाहिजेत, मऊ खिचडीइतपत. आणि हे विचारायचं कुणी हा प्रश्न प्रत्येक घरात येतो, सुनेने सासऱ्यांना रोज विचारायचं अवघड जातं, त्यांनाही आणि मलाही, म्हणून ते काम नवऱ्याकडे आहे. पेशंटने स्वतः सांगितलेल्या आकड्यावर मात्र सुस्तीच्या दिवशी अजिबात विसंबायचं नाही. ज्या दिवशी डोकं जड असतं त्याच दिवशी ते "झालं की दोनदा" असं ठासून सांगतात आणि प्रत्यक्षात कालचं सांगत असतात.

दुसरा हिशोब झोपेचा, आणि माझ्या मते तो लोक फारच कमी ठेवतात. हा आजार परत डोकं वर काढतो तेव्हा तारीख चुकणं, माणसं न ओळखणं हे नंतर येतं, त्याच्या आधी बहुतेक वेळा झोप उलटी होते. दिवसा पेपर वाचता वाचता डुलकी, जेवताना घास हातात ठेवून डोळे मिटणं, आणि रात्री टक्क जागे, कपाट उघड, बॅग भर, दिवा लाव. घरच्यांना वाटतं रात्री झोप झाली नाही म्हणून दिवसा झोपतायत. तसं नेहमीच नसतं, मेंदूवर अमोनियाचा परिणाम व्हायला लागला की झोपेचं चक्रच बिघडतं, त्यामुळे रात्रीची झोप नुसती ओढून आणून काही होत नाही.

पण झोपेच्या हिशोबातही गोंधळ आहे, सिरोसिसच्या पुष्कळ लोकांची झोप एरवीही चांगली नसतेच. अंगाला खाज येते, पोटऱ्यांत गोळे येतात, पोटातलं पाणी काढायची लघवीची गोळी संध्याकाळी घेतली असेल तर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, आणि लॅक्टुलोजचा शेवटचा डोस रात्री दहाला दिला तर पहाटे तीनला कळ. अशी जाग आली तरी माणूस भानावर असतो, जाऊन येतो आणि परत पडतो. त्यामुळे आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या, शेवटचा डोस संध्याकाळी सातच्या आसपास आणला, आणि लघवीची गोळी डॉक्टरांना विचारून सकाळी ठेवली. आता रात्रीची जाग आली की ती कशाची हे ओळखणं सोपं झालं. चौकोनात आम्ही फक्त दोनच गोष्टी लिहितो, दुपारी किती वेळ झोपले आणि रात्री उठून काही वेगळं केलं का. त्यांच्या नेहमीच्या सवयीपेक्षा काय बदललं तेवढंच बघायचं. अण्णांची दुपारची तासाभराची वामकुक्षी पन्नास वर्षांची आहे, ती लक्षण नाही, ती तीन तासांची झाली तर लक्षण.

शंका आली की घरच्या घरी दोन गोष्टी बघता येतात. एक, दोन्ही हात पुढे सरळ करून तळवे पोलिसाने गाडी थांबवावी तसे वर करायला सांगायचे आणि अर्धा मिनिट तसेच धरायचे, पंजे मधूनच खाली पडून परत वर येत असतील तर अमोनियाचा परिणाम असण्याची शक्यता मोठी. दुसरं, एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके म्हणायला सांगायचे. पुस्तकी हिशोब असा की मिनिटात दहापेक्षा कमी आले तर काळजीचं. पण माणूस एरवी किती सांगतो ते बऱ्या दिवशी बघून ठेवायला हवं, नाहीतर तुलना कशाशी करणार. अण्णा बऱ्या दिवशी गाय म्हैस बैल रेडा पासून सुरू करून आरामात सोळा-सतरापर्यंत जातात, बिघडलेल्या दिवशी गाय, म्हैस, मग परत गाय, आणि मग गप्प.

आता एक आठवडा जसा जातो तसा सांगते. डोस 30 मिली तीनदा, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. डॉक्टरांकडून आम्ही एक गोष्ट आधीच लिहून घेतलीय आणि ती प्रत्येकाने घ्यावी: डोस कमीत कमी किती खाली आणायचा, जास्तीत जास्त किती वर न्यायचा आणि कुठल्या वेळी फोन करायचा. बऱ्याच जणांचा डोस 15 ते 30 मिली, दिवसातून दोन ते चार वेळा या पट्ट्यात बसतो, पण तुमच्या माणसाचा पट्टा तुमचे डॉक्टर सांगतील तो. आमच्या कागदावर असं आहे, दोनपेक्षा कमी झाले तर एक डोस जादा, पातळ चार झाले तर पुढचा डोस अर्धा, पाण्यासारखे चारपेक्षा जास्त झाले तर पुढचा डोस थांबवून फोन.

सोमवारी तीन म, झोप व्यवस्थित, काही करायचं नाही. मंगळवारी साताऱ्याला लग्न, एसटीचा प्रवास, आणि प्रवासात संडासची सोय नाही म्हणून अण्णांनी सकाळचा आणि दुपारचा डोस परस्पर टाळला. हे प्रत्येक घरात होतं, आणि माणूस लबाडीने करत नाही, बसमध्ये कळ आली तर काय ही भीती खरीच असते. मंगळवारी एक रेघ, म. बुधवारी सकाळी एक, क. दुपारी जेवून झोपले ते साडेचारला हलवून उठवावं लागलं. इथे जर फक्त संडास बघणारा माणूस असता तर म्हणाला असता एकदा झालाय, उद्या बघू. आणि फक्त झोप बघणारा म्हणाला असता लग्नाची दगदग झाली, झोपू दे. दोन्ही एकत्र ठेवल्यावर चित्र स्पष्ट आहे, दोन डोस गेले, संडास कमी झाले आणि कडक झाले, आणि लगेच दिवसाची झोप वाढली. प्राणी विचारले तर आठ आले. नवऱ्याने संध्याकाळी पाचला जादाचे 30 मिली दिले आणि सातचा नेहमीचा डोस दिलाच. रात्री दोनला अण्णा उठून दूधवाला येऊन गेला का विचारत होते. मात्र नाव, गाव, घर सगळं बरोबर सांगत होते, हाक मारली की पूर्ण जागे होत होते, म्हणून सकाळपर्यंत थांबलो आणि दवाखाना उघडल्याबरोबर डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले आज चार डोस द्या आणि संध्याकाळपर्यंत सुस्ती वाढली तर घेऊन या.

गुरुवारी दुपारपर्यंत दोन आणि रात्रीपर्यंत चार रेघा, शेवटच्या दोन पातळ. रात्री झोपले. शुक्रवारी सकाळचा डोस कागदाप्रमाणे 15 वर आणला, तरी दुपारपर्यंत पाच आणि सगळे पा. इथे लोक खूश होतात, साफ झालं पोट, विष निघालं. पण इथेच दुसऱ्या बाजूचा खड्डा आहे. पाण्यासारखे जुलाब झाले की शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम जातं, आणि पोटॅशियम कमी झालं की किडनीच जास्त अमोनिया बनवायला लागते, वर लघवीची गोळी चालू असेल तर सोडियमही बिघडतं आणि किडनीवर ताण येतो. म्हणजे लॅक्टुलोज जास्त झाल्यानेसुद्धा माणूस परत भ्रमात जाऊ शकतो, आणि घरच्यांना वाटतं औषध कमी पडतंय म्हणून अजून ओततात. शुक्रवारी दुपारचा डोस थांबवला, डॉक्टरांना फोन केला आणि मुद्दाम विचारलं की उद्या लघवीची गोळी द्यायची का आणि पाणी-मीठ किती द्यायचं, कारण पोटात पाणी असलेल्या माणसाला मिठाचं पाणी आपल्या मनाने पाजणं बरोबर नाही. त्यांनी गोळी एक दिवस थांबवली आणि रक्त तपासायला सांगितलं. पोटॅशियम थोडंच कमी होतं, त्याची व्यवस्था झाली. शनिवारी 20 मिली तीनदा, दोन म. रविवारी एक म आणि एक क कडे झुकणारा, म्हणजे 20 कमी पडतंय, सोमवारपासून परत 30.

पण सगळ्यात महत्त्वाचा दिवस वेगळा असतो. रेघा तीन, तिन्ही म, डोस एकही चुकलेला नाही, आणि तरी माणूस दिवसा झोपतोय आणि रात्री जागा. अशा वेळी लॅक्टुलोज वाढवत बसायचं नाही, कारण ते त्याचं काम करतंय, गडबड दुसरीकडे आहे. अण्णांना एकदा असंच झालं, अंगात कणकण होती, पोट हलकंसं दुखत होतं, ताप मोजला तर शंभरच्या जरा वर. हॉस्पिटलमध्ये पोटातलं पाणी सुईने काढून तपासलं तर त्यात इन्फेक्शन निघालं. घरी चौथा-पाचवा डोस देत बसलो असतो तर अँटिबायोटिक लागायला तेवढा वेळ गेला असता. असंच रक्तस्रावाचं. अन्ननलिकेतल्या किंवा पोटातल्या शिरांमधून रक्त आलं की संडास काळा, डांबरासारखा, चिकट आणि घाण वासाचा होतो, आणि सैलही होतो, म्हणजे कालनिर्णयावर सुंदर तीन-चार रेघा दिसतात. प्रत्यक्षात ते रक्त आतड्यात पचत असतं, रक्त म्हणजे प्रोटीनच, अमोनिया अजून वाढतो. म्हणून रंगही बघायचा. लोहाच्या गोळीने संडास काळा होतो हे खरं, पण ते आपलं आपण ठरवायचं नाही, काळा आणि चिकट दिसला की त्याच दिवशी दवाखाना.

तिसरं कारण घरातच असतं, झोपेची गोळी. रात्री अण्णा जागे, घरातले सगळे हैराण, शेजारचे कुणीतरी म्हणतात अर्धी अल्प्राझोलाम द्या, मेडिकलवाला ओळखीचा, देतोही. या आजारात ती गोळी लिव्हरमधून लवकर निघत नाही आणि मेंदू आधीच दबलेला, माणूस दोन दिवस उठत नाही. खोकल्याची आणि सर्दीची गुंगी आणणारी औषधंही तशीच. झोप उलटी झाली तर उपाय लॅक्टुलोजचा हिशोब नीट करणं आणि कारण शोधणं हा आहे.

आणि एक, संडास होत नाही म्हणून शेजारून आलेलं चूर्ण, एरंडेल किंवा दुसरी जुलाबाची गोळी सोबत द्यायची नाही. त्याने रेघा वाढतात पण त्या रेघा लॅक्टुलोजच्या नसतात, आपण समजतो डोस पुरेसा आहे आणि आम्लाचं काम मात्र झालेलंच नसतं. मोजायची पद्धतच बिघडते.

बाकी किरकोळ गोष्टी. बाटलीबरोबर येतं ते मापाचं झाकणच वापरायचं, घरातले चमचे सगळे वेगळे. लेबलवर 15 मिलीमध्ये साधारण 10 ग्रॅम असं असतं, बाटली बदलली तर ते वाचायचं, आणि लॅक्टिटॉल नावाचं दुसरं मिळतंजुळतं औषधही असतं, त्याचा हिशोब वेगळा. 30 तीनदा म्हणजे 250 ची बाटली तीन दिवसही पुरत नाही, म्हणून शनिवारी बाटल्या मोजून ठेवतो, रविवारी दुकान बंद असलं की डोस चुकतो. चव अति गोड, पाण्यात लिंबू पिळून किंवा ताकातून दिलं तर जातं. पहिले काही दिवस पोट फुगतं, गॅस होतात, त्यासाठी औषध सोडायचं नाही, डॉक्टरांना सांगून डोस विभागून घ्यायचा. डायबिटीस असेल तर सिरपमध्ये दुसऱ्या साखरा थोड्या असतात म्हणून शुगर तपासत राहायची. आणि डाळ, दूध, पनीर, अंडी बंद करू नका. प्रोटीन तोडायचा जुना सल्ला आता डॉक्टर देत नाहीत, उलट स्नायूही अमोनिया उचलतात म्हणून ते टिकले पाहिजेत.

सगळं छान चाललंय म्हणून औषध हळूहळू बंद करणं ही मात्र फार मोहाची गोष्ट आहे. दिल्लीच्या जी. बी. पंत हॉस्पिटलमध्ये हेच तपासलं होतं, 2009 मध्ये प्रसिद्ध झालं, एकदा भ्रमातून बरे झालेल्या पेशंटपैकी लॅक्टुलोज चालू ठेवलेल्यांत सुमारे 20 टक्के लोकांना झटका परत आला आणि न घेणाऱ्यांत सुमारे 47 टक्के लोकांना, साधारण सव्वा वर्षाच्या काळात. लॅक्टुलोज नीट घेऊनही परत झटका आला तर डॉक्टर बहुधा रिफॅक्सिमिन 550 ची गोळी दिवसातून दोनदा जोडतात. ती जोडली तरी रेघा ओढणं थांबवायचं नाही, दोन्ही औषधं बरोबर चालतात.

घरी थांबायचं कधी नाही तेही स्पष्ट असू द्या. हलवूनही नीट जागे होत नाहीत, बोलणं असंबद्ध, रक्ताची उलटी किंवा काळा संडास, ताप, लघवी खूप कमी, जादा डोस देऊनही दिवसभरात एकही संडास नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सरळ हॉस्पिटल, आणि गुंगीतल्या माणसाच्या तोंडात सिरप अजिबात ओतायचं नाही, ते छातीत जातं. तिथे ते नळीने देतात किंवा खालून एनिमा देतात, 300 मिली लॅक्टुलोज आणि 700 मिली पाणी असा. निघताना कालनिर्णयाच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न शेवटचा संडास कधी झाला आणि डोस चुकला का हाच असतो.